फोटोतला ड्रिपर ओळखायचा, तर सोबत सहा मिनिटं पाणीही मोजा

प्रश्न: सांगोला तालुक्यात दीड एकर डाळिंब आहे, १५ बाय १० फुटांवर. ओळ साधारण २०० फुटांची, १६ एमएमची लॅटरल, झाडाला दोन ड्रिपर. पाणी बोअरचं. जुने ड्रिपर बरेच तुटले म्हणून दुकानातून तसेच दिसणारे काळे ड्रिपर आणून बसवले. आता त्या झाडांखाली ओल जास्त दिसते आणि काही ठिकाणी ड्रिपरच्या बुडाशीच पाणी गळतंय. दोन्ही ड्रिपरचे फोटो जोडलेत. जुना कोणता, किती लिटरचा, आणि त्याला नेमकं काय घ्यावं?

उत्तर:

फोटोवरून दोन गोष्टी खात्रीने सांगता येतात. तुमचा जुना ड्रिपर खोलता येणारा, चावीवाला आहे. वरच्या टोपीला पिळायला दोन पंख दिसतात आणि दुसऱ्या फोटोत टोपीच्या आतल्या दांड्यावर नागमोडी खाच दिसते. पाणी त्या खाचेतून वळणं घेत बाहेर येतं, त्यातच त्याचा जोर मोडतो. आत रबराची चकती नाही, म्हणजे हा नॉन-पीसी ड्रिपर आहे. दाब वाढला की पाणी वाढतं, दाब कमी झाला की घटतं.

नवा ड्रिपर वरून तसाच काळा आणि गोल असला तरी जात वेगळी दिसते. त्याची दोन अंगं कायमची चिकटवलेली आहेत, पिळायला पंख नाहीत आणि नळीत जाणाऱ्या टोकाला बारीक जाळीसारख्या चिरा आहेत. अशी ठेवण बहुतेक वेळा पीसी ड्रिपरची असते. त्याच्या आत सिलिकॉन रबराची पातळ चकती असते. दाब वाढला की ती दबून वाट अरुंद करते, त्यामुळे ठरलेल्या मर्यादेत दाब कितीही असला तरी पाणी सारखंच पडतं. नुसत्या बाहेरच्या फोटोवरून मी याला 'बहुतेक' म्हणतोय, कारण चिकटवलेले नॉन-पीसी ड्रिपरही बाजारात मिळतात. एक नवा ड्रिपर पकडीने फोडून बघा. आत रबराची चकती निघाली तर प्रश्न मिटला.

किती लिटरचा, हे मात्र फोटो सांगत नाही. रंगावर तर अजिबात जाऊ नका. एका कंपनीत जो रंग ४ लिटरला असतो, तो दुसऱ्या कंपनीत ८ लिटरला असू शकतो, आणि काळा तर सगळ्यांकडे सगळ्या मापांत मिळतो. अंगावर ठसा असेल तर तो वाचावा. त्यासाठी ड्रिपर लिंबाच्या रसात किंवा पातळ ॲसिडमध्ये थोडा वेळ ठेवून जुन्या दातघासणीने घासा, मग बाजूने तिरपा उजेड पाडून फोटो काढा. क्षार निघाला की उठावाचे आकडे पुष्कळदा दिसू लागतात. सोबत शाळेतली पट्टी ठेवा, म्हणजे मापही कळेल.

आता ओलीबद्दल. ओल जास्त दिसली की दुकानदाराने ८ लिटरचे ड्रिपर दिले, असं सहज वाटतं. तुमच्या बाबतीत तसं असेलच असं नाही. दोन्ही ड्रिपर ४ लिटरचे असूनही हा फरक पडू शकतो, आणि माझ्या मते तीच शक्यता जास्त आहे. ड्रिपरवर लिहिलेले लिटर नॉन-पीसीच्या बाबतीत १ किलो दाबाला धरलेले असतात, म्हणजे साधारण दहा मीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब. तुमच्या लॅटरलमध्ये दाब १ किलोपेक्षा कमी असेल तर जुने ड्रिपर ४ लिटर देतच नाहीत आणि पीसी मात्र ४ देतात. त्यात जुन्यांच्या खाचेत बोअरचा क्षार बसलेला असणार. थोडक्यात, नवे जास्त देतायत की जुने कमी देतायत, हे आधी ठरवायला हवं. ते मोजूनच ठरतं.

मोजणी अशी करा. पंप सुरू करून फिल्टर धुऊन घ्या, लॅटरलची टोकं उघडून गाळ जाऊ द्या, टोकं बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं पाणी चालू द्या. नेहमी जेवढे व्हॉल्व्ह एकत्र चालवता तेवढेच उघडे ठेवा, नाहीतर दाब वेगळा मिळून सगळा हिशेब चुकेल. लॅटरलच्या शेवटी एंड कॅपच्या जागी जोडणी लावून दाबमापक बसवा. तो ० ते २.५ किंवा ० ते ४ किलोचा घ्या. दहा किलोच्या घड्याळावर ०.६ आणि ०.८ मधला फरक काट्याला नीट दाखवता येत नाही.

मग ड्रिपरखाली हाताने खळगा करून त्यात पसरट वाटी ठेवा. ड्रिपरचं पाणी नळीच्या पोटाला धरून पुढे ओघळतं आणि वाटीत कमी पडतं. यासाठी ड्रिपरच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटांवर नळीला सुतळी घट्ट बांधा, म्हणजे ओघळ तिथेच थांबून थेंब खाली पडेल, आणि वाटी दोन्ही सुतळ्या मावतील एवढी रुंद घ्या. मोबाइलवर बरोबर सहा मिनिटं लावा. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, म्हणून वाटीत ४०० मिली जमलं तर तो ड्रिपर तासाला ४ लिटर देतोय, ३१० मिली जमलं तर ३.१ लिटर. मोजायला फवारणीच्या औषधाचं नवं, न वापरलेलं माप चालेल. एका ड्रिपरवर भिस्त ठेवू नका. ओळीच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे मिळून पाच-सहा जुने आणि तेवढेच नवे मोजा. जुन्यांपैकी निम्मे आहे त्या अवस्थेत मोजा, निम्मे खोलून, खाच साफ करून मोजा. ही साफ केलेल्यांची मोजणीच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देईल.

आकडे कसे वाचायचे ते एका उदाहरणावर दाखवतो. समजा ओळीच्या शेवटी दाब ०.६ किलो दिसला. नागमोडी खाचेच्या नॉन-पीसी ड्रिपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. ०.६ चं वर्गमूळ ०.७७, म्हणून ४ लिटरचा साफ ड्रिपर इथे ३.१ लिटर देणार, सहा मिनिटांत ३१० मिलीच्या आसपास. ८ लिटरचा असेल तर ६२० मिलीच्या आसपास. तुमच्या साफ केलेल्या जुन्यांचं पाणी यातल्या ज्या आकड्याजवळ येईल, तेवढ्या लिटरचा तो ड्रिपर. दाब वेगळा निघाला तर गुणक असे धरा: ०.५ किलोला ०.७, ०.८ ला ०.९, १.२ ला १.१ आणि १.५ ला १.२२. मोजलेल्या लिटरला या गुणकाने भागलं की मूळ माप मिळतं. पाच-सात टक्के इकडेतिकडे झालं तर काळजी करू नका, तेवढा फरक ड्रिपर-ड्रिपरमध्ये असतोच.

नव्याचंही असंच. त्याच ०.६ किलोला नव्याने ४०० मिली दिलं तर तो ४ लिटरचा पीसी. ८०० दिलं तर ८ लिटरचा पीसी. ६२० दिलं तर तो पीसी नाहीच, ८ लिटरचा साधा आहे. खात्रीसाठी दुसऱ्या भागाचा व्हॉल्व्ह बंद करून दाब १ किलोच्या वर न्या आणि पुन्हा मोजा. पाणी तेवढंच राहिलं तर पीसी, दाबाबरोबर वाढलं तर नॉन-पीसी. एक मर्यादा लक्षात असू द्या. पीसी ड्रिपरलाही काम सुरू करायला किमान दाब लागतो, बऱ्याच ड्रिपरना तो अर्धा किलोच्या आसपास असतो. त्याखाली चकती नीट दबत नाही आणि पीसीचं पाणीही भरवशाचं राहत नाही. म्हणून दाब ०.४ वगैरे दिसला तर आधी दाब सुधारा, मग ड्रिपर ओळखायला बसा.

न साफ केलेल्या जुन्याने १९० किंवा २०० मिली दिलं आणि साफ केलेल्याने ३१०, असं निघालं तर तुमचं दुखणं नव्या ड्रिपरमध्ये नाही, क्षारात आहे. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात हे नेहमीचंच आहे. खाचेतल्या पांढऱ्या थरावर ॲसिडचा थेंब टाका. फसफसलं तर चुन्याचा क्षार. तपकिरी-लालसर थर लोहाचा असतो आणि बोटाला बुळबुळीत लागला तर शेवाळ किंवा जिवाणूंचा चिकट थर. शेततळ्यातलं पाणी वापरत असाल तर हा चिकट थर जास्त मिळेल, आणि त्यावर ॲसिडपेक्षा क्लोरीनचा उपयोग जास्त. ॲसिड आणि क्लोरीन मात्र एकाच वेळी किंवा एकाच टाकीत कधीही वापरू नका, त्यातून विषारी वायू निघतो. ॲसिड सोडायचं तर ते पाण्यात ओता, ॲसिडवर पाणी ओतू नका. हातमोजे आणि चष्मा घाला. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू ४ च्या आसपास येईपर्यंत ॲसिड द्या, संच बंद करून २४ तास तसाच राहू द्या आणि मग टोकं उघडून भरपूर पाण्याने धुऊन काढा. तुमचे ड्रिपर खोलता येतात, त्यामुळे पूर्ण बंद झालेले हाताने साफ करणं शक्य आहे. चावी परत पिळताना ती पूर्ण बसली पाहिजे. अर्धवट बसली किंवा टोपीच हरवली तर खाचेला वळसा घालून पाणी सुटतं आणि तो ड्रिपर मापाच्या कितीतरी पट ओततो. फोटोत उजवीकडच्या ड्रिपरची टोपी तिरकी दिसते, तो आधी बघा.

दाब कमी का, हेही शोधायला हवं. तुमच्या ओळीत २० झाडं, ४० ड्रिपर. ४ लिटरने हिशेब केला तर ओळीला तासाला १६० लिटर पाणी जातं. सपाट रानात १६ एमएमच्या नळीत २०० फुटांवर एवढ्या पाण्याला दाब फार पडत नाही, हिशेबाने पाण्याची उंची जेमतेम फूटभर घटते. म्हणून ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या साफ ड्रिपरच्या पाण्यात मोठा फरक निघाला तर नळीत गाळ आहे, कुठेतरी ती चेपली आहे किंवा रानाला चढ आहे. दोन्हीकडे सारखंच कमी निघालं तर दोष लॅटरलचा नाही. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब बघा. फरक अर्ध्या किलोच्या वर गेला असेल तर जाळी धुवा. तरीही दाब सुधारला नाही तर बोअर देतंय त्यापेक्षा जास्त ड्रिपर तुम्ही एका वेळी चालवताय. दीड एकरात साधारण ४५० झाडं, ९०० ड्रिपर, म्हणजे सगळं एकत्र चालवलं तर ४ लिटरने तासाला ३,६०० लिटर लागतात. उन्हाळ्यात बोअरचं पाणी उतरलं की एवढं मिळत नाही, मग रान दोन भागांत करून चालवा.

याच हिशेबामुळे ८ लिटरचे ड्रिपर लावून टाकण्याचा मोह आवरा. तसं केलं तर संचाची मागणी ७,२०० लिटरवर जाते. प्रवाह दुप्पट झाला की नळीतली दाबाची घट साडेतीन पटीहून जास्त होते. २०० फुटांच्या ओळीला हे एखाद वेळी चालून जाईल, पण सबमेन, फिल्टर आणि पंप त्या मापाचे नसतात. मग सगळ्याच बागेचा दाब खाली येतो आणि ८ लिटरचा ड्रिपर ५ लिटरवर येऊन थांबतो.

नवे ड्रिपर ४ लिटरचे पीसी निघाले तर त्यांचं काय करायचं? माझं स्पष्ट मत आहे की एका व्हॉल्व्हवर दोन जाती मिसळू नयेत. वरच्याच उदाहरणात दोन तास पाणी दिलं तर पीसी लावलेल्या झाडाला १६ लिटर मिळतात आणि साफ जुने ड्रिपर असलेल्या झाडाला साडेबारा. क्षार धरलेल्यांना आठच. घड्याळ एकच असल्यामुळे तुम्ही एका झाडाच्या हिशेबाने पाणी ठरवलं की दुसरं उपाशी राहतं किंवा बुडतं. डाळिंबात फळं फुगत असताना ओलीतला असा चढउतार फळ तडकण्याला कारण होतो. विद्राव्य खत ठिबकमधून सोडत असाल तर तेही त्याच विषम प्रमाणात जातं. म्हणून आणलेले पीसी काढून घ्या आणि एखाद्या पूर्ण व्हॉल्व्हला पुरतील एवढे असतील तर तिथे एकत्र लावा, शक्यतो चढाच्या भागात, कारण त्यांची खरी गरज तिथेच आहे. तेवढे नसतील तर बाजूला ठेवा. सपाट रान आणि २०० फुटांच्या ओळी असताना सगळी बाग पीसीवर नेण्याइतका खर्च करण्याची गरज मला दिसत नाही. जड पाण्यात खोलून साफ करता येणारा ड्रिपर सोयीचा, कारण चिकटवलेला पीसी आतून बंद झाला आणि ॲसिडनेही सुटला नाही तर फेकावाच लागतो.

आता बुडाशी होणारी गळती. ड्रिपरचा बार्ब, म्हणजे नळीत घुसणारं काट्याचं टोक, आणि त्यामागची मान, या दोन्हींचं माप कंपनीगणिक थोडं बदलतं. नळीचं भोक मानेपेक्षा लहान असेल तरच प्लास्टिक मानेला घट्ट आवळून धरतं. वर्षानुवर्षं जाड मानेचा ड्रिपर बसलेल्या भोकाने तोच आकार धरलेला असतो. त्यात बारीक मानेचा नवा घातला की कडेने पाणी निघणारच. व्हर्नियरने दोन्हींच्या माना मोजा. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही गळायला पुरेसा असतो. मानेची लांबीही बघा. जाड नळीत आखूड मान असेल तर काटा आत नीट उघडत नाही आणि थोड्या ओढीने ड्रिपर बाहेर येतो. पातळ नळीत लांब मान असेल तर तो डुलतो, आणि डुलून डुलून भोक मोठं करतो.

जुनं भोक ठोकून, वितळवून किंवा टेप गुंडाळून दुरुस्त होत नाही. ते डमी प्लगने बंद करा आणि तिथून दोन-तीन इंच सोडून नवं भोक पाडा. भोक ड्रिपरबरोबर मिळणाऱ्या पंचनेच पाडा, बहुतेक ऑनलाइन, म्हणजे नळीला भोक पाडून बाहेरून बसवायच्या ड्रिपरना ३ एमएमचा पंच लागतो. खिळा किंवा तापवलेली तार वापरली तर भोकाला कड राहत नाही, चिरा पडतात आणि त्या उन्हात वाढत जातात. पंच मारताना नळी पाण्याने भरलेली असू द्या. रिकामी नळी चेपते आणि पंच समोरच्या भिंतीतूनही आरपार जातो. भोक वरच्या अंगाला पाडा, कारण गाळ नळीच्या तळाशी बसतो आणि खाली तोंड असलेला ड्रिपर तो आधी ओढतो. ड्रिपर सरळ दाबून बसवा, 'टक' असं जाणवलं पाहिजे. फिरवत फिरवत घातला तर काट्याची धार भोक कापते.

नळीचं मापही एकदा तपासून घ्या, कारण '१६ एमएम' या नावाखाली दोन वेगळ्या नळ्या येतात. साध्या ऑनलाइन लॅटरलचा बाहेरचा व्यास १६ एमएम असतो आणि आतला साधारण पावणेचौदा. पातळ भिंतीच्या इनलाइन किंवा टेप प्रकारात मात्र आतलाच व्यास १६ च्या आसपास असतो. एकाचा जॉइनर दुसऱ्यात सैल पडतो, आणि लोक तार बांधून तो धरून ठेवायला बघतात. पातळ नळीला वरून चकती आवळणारा लॉकचा जॉइनरच लागतो. व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी नळीभोवती एक वेढा घेऊन मोजा. ५ सेंटीमीटर भरली तर बाहेरून १६ एमएम, पावणेचार भरली तर १२ आणि सव्वासहा भरली तर २० एमएम. नळीवरचा छापही वाचा. लॅटरलवर आयएस १२७८६, इनलाइनवर आयएस १३४८८ असतो, आणि ड्रिपरचं मानक आयएस १३४८७. जॉइनर चढवताना नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा, तेल लावू नका. तेलाने चढतो सोपा, पण दाब आला की तेवढ्याच सहज निसटतो.

दुकानात फोटो दाखवून 'असाच द्या' म्हणू नका. मोजणीतून ४ लिटर निघालं तर '१६ एमएम लॅटरलसाठी, ऑनलाइन, नॉन-पीसी, खोलता येणारा, ४ लिटर, आयएस मार्कचा' असं मागा आणि जुना ड्रिपर मानेच्या मापासाठी सोबत न्या. पहिल्यांदा पाचच घ्या. एकाच ओळीत बसवा, जुन्या साफ केलेल्यांच्या शेजारी सहा मिनिटं पुन्हा मोजा आणि दोन दिवस बुडाशी गळतंय का ते बघा. पाणी जुळलं आणि बूड कोरडं राहिलं तर उरलेले त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे एकदम घ्या, आणि पुढच्या मोडतोडीसाठी पन्नासेक जादा ठेवा. तीन वर्षांनी तेच मॉडेल दुकानात मिळेल याचा भरवसा नसतो.